हॉटेलचा टॉवेल नक्की कोण विकत घेतं? (बायिंग सेंटर, मार्केटिंग थिअरी पेपर)

रेवा_साखळी
नमस्कार. मी एम.कॉम.ला आहे. मार्केटिंग थिअरीच्या पेपरला 'व्यावसायिक खरेदी आणि ग्राहकाची खरेदी यांतला फरक, बायिंग सेंटरमधल्या भूमिकांसह' हा प्रश्न हमखास येतो. बायिंग सेंटर म्हणजे संस्थेच्या एखाद्या खरेदीत भाग घेणारी सगळी माणसं. सगळे जण कारखान्याच्या यंत्राचं उदाहरण लिहितात. मला गोव्यातलं काहीतरी लिहायचं आहे, म्हणून मी हॉटेलचे टॉवेल घेतले. माझे मामा कांदोळीच्या एका हॉटेलात अकाउंट्समध्ये आहेत, त्यांना विचारून मी अशी मांडणी केली आहे:

वापरकर्ता म्हणजे पाहुणा. निर्णय घेणारा म्हणजे पर्चेस मॅनेजर, कारण पर्चेस ऑर्डरवर, म्हणजे पीओवर, त्याची सही असते. गेटकीपर म्हणजे सिक्युरिटी आणि रिसेप्शन, ते सेल्समनला आत सोडत नाहीत. प्रभाव टाकणारा कोण ते मला सापडलं नाही. मामा म्हणतात, "आमच्याकडे कोणाचा कोणावर प्रभाव नाही, ज्याचा रेट कमी त्याला ऑर्डर."

हे चालेल का? आणखी एक शंका आहे. टॉवेल आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही घेते. वस्तू तीच, मग फरक वस्तूत नाही असं लिहायचं का?

मडगावकर_८२
रेवा, सोपं आहे. ग्राहक भावनेने घेतो, कंपनी हिशेबाने घेते. आई रंग बघते, हात लावून बघते, "बरो दिसता" म्हणून घेते. हॉटेल तीन कोटेशनं मागवतं आणि सर्वांत स्वस्त घेतं. तुझे मामा बरोबर बोलतात. मी बारा वर्षं सेल्समध्ये काढली आहेत (टॉवेल नव्हे, पंप), शेवटी सगळं रेटवर येतं. आणि कंपन्यांची मागणी अलवचिक असते, म्हणजे भाव बदलला तरी फारशी हलत नाही, वगैरे पुस्तकातली गोष्ट आहे. हॉटेलवाले पन्नास पैशांसाठी भांडतात, अलवचिक कसली?

आसगाव_होमस्टे
टॉवेलचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझा चार खोल्यांचा होमस्टे आहे. पांढरे टॉवेल चार-सहा महिन्यांत पिवळट पडतात. विहिरीचं पाणी वापरतो. कोणते घ्यावेत? म्हापशाला घेतलेले फार टिकले नाहीत.

जुना_स्टोअरकीपर
रेवा बाय, उदाहरण झकास निवडलंस. मी या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आधी स्टोअर आणि मग पर्चेस सांभाळलं, आता निवृत्त आहे. तुझ्या मांडणीतल्या तिन्ही जागा जरा हलवाव्या लागतील, पण आधी मामांच्या "ज्याचा रेट कमी" या वाक्याकडे येतो.

रेट कमी हे खरं. पण कशाचा रेट? कोटेशन मागवताना कागदावर काय लिहिलं होतं? 'बाथ टॉवेल, ७५ बाय १५० सेंटिमीटर, ५०० जीएसएम, पांढरा, दुहेरी शिलाई' असं काहीतरी असणार. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ही ओळ मामांच्या टेबलावर येते तेव्हा निम्मी खरेदी होऊन गेलेली असते. ती ओळ कोणी लिहिली ते शोध, तुला प्रभाव टाकणारे आपोआप सापडतील.

आमच्याकडची एक खरेदी सांगतो, हॉटेलचं नाव सोडून. साठ खोल्या, मालक मडगावला, जीएम हॉटेलवर. सीझन संपत आला की हाउसकीपिंगची लिनन मोजणी व्हायची. त्या वर्षी टॉवेल राखाडी आणि खरखरीत झाले होते, डिस्कार्डचा ढीग मोठा होता. फ्रंट ऑफिसवालीने पाहुण्यांच्या तक्रारी मीटिंगमध्ये वाचून दाखवल्या आणि तिथून विषय सुरू झाला. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरलं एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरने, पण ठिणगी फ्रंट ऑफिसची.

हाउसकीपर बाईंना ६०० जीएसएम हवा होता. जाड, मऊ, पाहुण्याला हातात घेतल्याबरोबर कळणारा. अकाउंट्सचं म्हणणं, नगाला साठेक रुपयांचाच फरक आहे, हरकत नाही. साठ खोल्या, खोलीला दोन, आणि पार स्टॉक, म्हणजे कायम ठेवायचा साठा, त्याच्या चारपट, म्हणजे ४८० नग. फरक २८,८०० रुपये.

मग लॉण्ड्रीचा माणूस बोलला. आमची लॉण्ड्री घरचीच होती. त्याने विचारलं, वजनाचं काय? ७५ बाय १५० म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ५०० जीएसएमला टॉवेल ५६२ ग्रॅमचा, ६०० ला ६७५ ग्रॅमचा. नगामागे सव्वाशे ग्रॅमच्या आतलाच फरक, पण सत्तर टक्के खोल्या भरलेल्या धरल्या तर रोज ८४ टॉवेल धुवायला येतात. रोजचे साडेनऊ किलो जास्त, वर्षाचे जवळजवळ साडेतीन टन. किलोला धुण्या-सुकवण्याचा खर्च ३० रुपये धर, लाखाच्या वर गेला. आणि पावसाळ्यात बाहेर काही सुकत नाही, सगळा भार ड्रायरवर.

म्हणजे खरेदीतला फरक एकदाच २८ हजार, धुण्यातला फरक दरवर्षी लाखभर. हा हिशेब ना पर्चेसने केला होता, ना अकाउंट्सने. ज्याने केला त्याला शंभर रुपयांच्या वस्तूवर सही करायचा अधिकार नव्हता.

रेवा_साखळी
काका, म्हणजे लॉण्ड्रीवाला प्रभावक? पण टॉवेल तर तोच हाताळतो, मग तो वापरकर्ता नाही का? आणि पाहुणा?

जुना_स्टोअरकीपर
दोन्ही. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या असू शकतात, आणि एकाच भूमिकेत चार माणसं असू शकतात. त्या मीटिंगमध्ये हाउसकीपर बाईही वापरकर्त्या होत्या, कारण टॉवेल खोलीत लावणं, मोजणं, रद्द करणं त्यांच्या खात्याचं काम.

पाहुण्याबद्दल माझं मत असं, तो बायिंग सेंटरच्या बाहेर. तो ना इंडेंट भरतो, ना सॅम्पल तपासतो, ना चुकीच्या खरेदीचा जाब देतो. त्याच्यामुळे टॉवेलला मागणी आहे, ती गोष्ट वेगळी. खोल्या भरल्या तर टॉवेल लागतात, म्हणजे टॉवेलची मागणी खोलीच्या मागणीतून निघालेली. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं बंद होती, तेव्हा कोणी अर्ध्या किमतीत टॉवेल दिले असते तरी आम्ही घेऊन ठेवायचे कुठे आणि कशाला?

मडगावकरांच्या अलवचिकतेचं उत्तरही इथेच आहे. पन्नास पैशांसाठी भांडतो ते कोणाकडून घ्यायचं यासाठी. किती घ्यायचं ते खोल्यांवर आणि पारवर ठरतं. टॉवेल दहा टक्के स्वस्त झाले म्हणून साठ खोल्यांच्या हॉटेलात सहासष्ट खोल्यांचे टॉवेल कोणी भरत नाही. एका विक्रेत्याला वाटतं मागणी फार लवचिक आहे, कारण त्याने दर वाढवला की ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते. सगळ्या विक्रेत्यांची मिळून बघितली तर जवळपास तेवढीच राहते. पेपरात हे दोन वेगळे करून लिहिलंस तर तपासणाऱ्याला कळेल की मुलीने विचार केला आहे.

फोंड्याची_मास्तरीण
मी हा विषय शिकवते, म्हणून थोडा विरोध नोंदवते. पाहुणा पूर्ण बाहेर, हे मला तितकं सरळ वाटत नाही. वेब्स्टर आणि विंड यांनी १९७२ मध्ये पाच भूमिका मांडल्या, त्यात वापरकर्ते संस्थेतलेच धरले आहेत, तिथवर काकांचं बरोबर. पण आता पाहुण्याने लिहिलेला एक परिच्छेद जीएमच्या मीटिंगमध्ये वाचला जातो आणि खरेदी सुरू होते. काकांच्या गोष्टीतही तेच झालं. मग त्याला बाहेरचा प्रभावक का म्हणू नये? सल्लागार आर्किटेक्ट बाहेरचाच असतो, त्याला आपण प्रभावक म्हणतोच.

रेवा, परीक्षेत पाहुण्याला वापरकर्ता लिहू नकोस, त्यावर गुण जातील. प्रभावक लिहायचा असेल तर कारणासह लिही.

जुना_स्टोअरकीपर
मॅडम, आर्किटेक्टला कोणीतरी विचारलेलं असतं. पाहुण्याला टॉवेलचा जीएसएम कोणी विचारत नाही. तो 'खरखरीत' एवढंच म्हणतो. खरखरीतपणा टॉवेलमुळे आला की जास्त ब्लीचमुळे की पाण्यामुळे, हे आतल्या माणसांनी ठरवायचं. आमच्याकडे निम्मा दोष धुण्याच्या पावडरीच्या मापाचा निघाला होता. पण तुमचा मुद्दा मी खोडत नाही.

आसगावच्या ताई, विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर पांढरं कापड पिवळट पडतंच, त्यावर क्लोरीनचं ब्लीच घातलं तर आणखी. आधी पाणी तपासून घ्या. टॉवेल बदलून हा डाग जाणार नाही.

सोलापूरकर_माग
टॉवेलचं नाव निघालं आणि सोलापूरकर गप्प बसला असं होत नाही. आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, गोव्यातल्या हॉटेलांना माल जातो. मी पलीकडच्या बाजूने सांगतो.

रेवाताई, सिक्युरिटीवाला आम्हाला अडवतच नाही हो. त्याला चहा पाजला की तोच सांगतो पर्चेसचे साहेब कधी भेटतात. आमची सॅम्पलं अडतात ती पर्चेस ऑफिसच्या कपाटात. एका हॉटेलात आमचे दोन नमुने वर्षभर कपाटात पडून होते. हाउसकीपरला माहीतच नाही की सोलापूरहून काही आलं आहे. पर्चेसमधला असिस्टंट ठरवायचा की कोणते तीन नमुने पुढे न्यायचे. त्याला दर ठरवायचा अधिकार नाही, माल निवडायचा नाही, पण कोणाचं नाव टेबलापर्यंत जाणार हे त्याच्या हातात. तो खरा गेटकीपर. काही ठिकाणी जीएमची सेक्रेटरी असते, काही ठिकाणी ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये पुरवठादाराचा व्हेंडर कोड उघडून देणारा माणूस. कोड नाही तर कोटेशनच घेत नाहीत.

दुसरी गोष्ट, स्पेसिफिकेशन. कधीकधी चौकशीचा कागद येतो त्यात बॉर्डरची रुंदी, विणीचा नमुना असं इतकं बारीक लिहिलेलं असतं की वाचल्यावर कळतं, हा कागद जुन्या पुरवठादाराच्या कॅटलॉगवरून उतरवला आहे. तिथे आम्ही कोटेशन देतो ते फक्त तीनचा आकडा भरायला.

आणि पैसे! एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवस आहेत, करार नसेल तर १५. आता वेळेत न दिलेली रक्कम आयकरात खर्च म्हणून त्या वर्षी धरता येत नाही, तेव्हापासून मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतः फोन करतात. याआधी सीझन संपेपर्यंत वाट बघायची. आईने म्हापशाला टॉवेल घेतला तर पैसे तिथल्या तिथे, हा फरकही लिहा!

मडगावकर_८२
लॉण्ड्रीचा हिशेब मान्य. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? हिशेब केला आणि त्यावर खरेदी झाली. भावना कुठे आली?

जुना_स्टोअरकीपर
गोष्ट अजून संपली नव्हती, म्हणून. ऐका.

लॉण्ड्रीवाल्याचं ऐकून ठरलं की आधी चाचणी. तीन पुरवठादारांकडून डझनभर टॉवेल घेतले, खूण केली, आणि रोजच्या कपड्यांबरोबर तीस धुणी काढली. घरातला माणूस टॉवेल दुकानात हाताने चोळून बघतो. पण नव्या टॉवेलवर सॉफ्टनरचा हात असतो, पहिल्या चार-पाच धुण्यांत तो निघून जातो. खरा टॉवेल नंतर दिसतो. धुऊन वजन करायचं, लांबी-रुंदी मोजायची, लूप ओढले गेलेत का बघायचं, कडेची शिलाई बघायची.

यातला सर्वांत देखणा नमुना नापास झाला, कारण त्याला नक्षीची डॉबी बॉर्डर होती. ती पट्टी टॉवेलच्या बाकी अंगापेक्षा जास्त आकसते, मग टोकाला चुण्या पडतात आणि घडी सरळ बसत नाही. पाहुण्याला वाटतं टॉवेल जुना आहे. रूमबॉयला घडी दोनदा घालावी लागते. हे लॉण्ड्रीवाल्याने चाचणीच्या आधीच सांगितलं होतं. शेवटी ५०० जीएसएम, बिनबॉर्डरचा, कडेला दुहेरी शिलाई, असं स्पेसिफिकेशन झालं. हाउसकीपर बाईंना जाडी हवी होती, त्यांच्यासाठी फक्त बाथ मॅट जड घेतली.

आता भावना. दोन पुरवठादार या स्पेसिफिकेशनमध्ये बसले. नवा थोडा स्वस्त, जुना थोडा महाग. पर्चेस मॅनेजर जुन्याकडे झुकत होते. कारण विचारशील तर कागदावर 'वेळेवर पुरवठा' लिहिलं होतं. मनात काय होतं ते मला माहीत आहे, कारण मी शेजारच्या खुर्चीवर होतो. नव्याने ऑक्टोबरच्या तोंडावर माल चुकवला तर जाब त्यांना. त्याने चांगला माल दिला तर वाचलेल्या पैशांचं श्रेय कोणालाच नाही. आईचा टॉवेल वाईट निघाला तर तो पायपुसणं होतो, तिची नोकरी जात नाही. ही भीती हिशेबात मोजता येत नाही, पण खरेदीत फार मोठी असते. व्यावसायिक खरेदी थंड डोक्याची असते असं लिहून मोकळं होऊ नका.

रेवा_साखळी
मग निर्णय कोणी घेतला?

जुना_स्टोअरकीपर
पीओवर सही पर्चेस मॅनेजरची. ते खरेदीदार: दर, डिलिव्हरीच्या तारखा, पैशाच्या अटी त्यांनी ठरवल्या. मंजुरी जीएमची. पण जीएमने मंजूर करण्याआधी मडगावला फोन लावला, आणि मालकाने विचारलं, "सप्टेंबर अखेरीस माल गोदामात असणार ना?" नव्याने अर्धा माल आधी पाठवायची तयारी दाखवली, तेव्हा ऑर्डर नव्याला गेली. आता तूच सांग, निर्णय कोणाचा? मी मालकाचा म्हणेन, जरी कुठल्याच कागदावर त्याचं नाव नाही. सही आणि निर्णय एकाच माणसाकडे असतील असं धरून चालू नकोस.

फोंड्याची_मास्तरीण
मी इथे जीएमला निर्णयकर्ता म्हणेन, कारण त्याने फोन केला नसता तरी त्याचा अधिकार होता. मालकाने अट घातली. पण हा वाद वर्गातही मिटत नाही.

यात एक भर. हीच खरेदी पुढच्या वर्षी झाली तर एवढी माणसं जमणार नाहीत. स्टोअर म्हणेल शंभर टॉवेल कमी झाले, जुना पीओ काढला, पुन्हा ऑर्डर. दोन माणसांत काम संपलं. रॉबिन्सन, फॅरिस आणि विंड यांनी १९६७ मध्ये खरेदीचे तीन प्रकार सांगितले ते याचसाठी: पहिल्यांदाच होणारी खरेदी, बदल करून होणारी फेरखरेदी, आणि जशीच्या तशी फेरखरेदी. काकांची गोष्ट मधल्या प्रकारातली आहे. विद्यार्थी भूमिका पाठ करतात आणि प्रत्येक खरेदीला सगळ्या चिकटवतात. बायिंग सेंटर हे संस्थेच्या तक्त्यावरचं खातं नाही, त्या त्या खरेदीपुरती जमलेली माणसं.

सोलापूरकर_माग
आणि आमच्यासारख्या नव्या माणसाला शिरायला जागा मधल्या प्रकारातच मिळते. फेरखरेदीत दार बंद. म्हणून आम्ही हॉटेलवाल्यांना "तुमचा माल आकसतो का" हाच प्रश्न विचारत असतो.

आसगाव_होमस्टे
पाणी तपासायला दिलं आहे, धन्यवाद. पण मग मी कोण? टॉवेल संपले हे मला दिसतं, मीच बाजारात जाते, मीच पैसे देते, धुतेही मीच. मी ग्राहक की बिझनेस? दुकानदार तर मला आणि रेवाच्या आईला एकाच भावाने देतो.

फोंड्याची_मास्तरीण
तुमची खरेदी व्यावसायिकच. टॉवेल पाहुण्यांना सेवा विकण्यासाठी घेता, म्हणून. सगळ्या भूमिका एका माणसात आल्या एवढंच. रेवा, तुझ्या पहिल्या शंकेचं उत्तर इथे आहे: फरक वस्तूत नाही, कशासाठी घेतली यात आहे. बाकीचे फरक त्यातून येतात, आणि सगळीकडे सारखे येत नाहीत. ताईंच्या खरेदीला ना कोटेशन आहे ना मंजुरी, तरी खोल्या रिकाम्या असल्या तर त्याही टॉवेल घेणार नाहीत.

मडगावकर_८२
उलटं विचारतो. आमच्या घरी फ्रिज घेतला. मुलीने विषय काढला, भावाने ब्रँड सांगितला, बायकोने ठरवला, पैसे मी दिले. झालं की बायिंग सेंटर!

जुना_स्टोअरकीपर
भूमिका आहेत, खरं. कुटुंबाच्या खरेदीतही त्या शिकवतात. पण तुमच्या बायकोला कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट फाइलला लावावं लागलं? दोन वर्षांनी ऑडिटरने विचारलं का, सर्वांत स्वस्त फ्रिज का नाही घेतला? हॉटेलात विचारतात. जाब देण्यासाठी कागद तयार करावा लागतो, आणि मग त्या कागदाला धरून खरेदी वळते.

मडगावकर_८२
बायको ऑडिटरपेक्षा कडक आहे, पण ठीक. पुढे घर हेसुद्धा एक छोटी संस्थाच आहे असं मी म्हणणारच.

रेवा_साखळी
मामांना काल पुन्हा विचारलं, स्पेसिफिकेशन कोण लिहितं. म्हणाले, "ते हाउसकीपिंगमधून टाइप होऊनच येतं, मी कधी वाचलं नाही." आता एकच शंका. आमच्या नोट्समध्ये सहा भूमिका आहेत, मॅडम पाच म्हणाल्या. फ्रंट ऑफिसवालीला कुठे बसवू?

फोंड्याची_मास्तरीण
१९७२ च्या मांडणीत पाच. सुरुवात करणारा ही सहावी भूमिका नंतर जोडली गेली. नोट्समध्ये सहा असतील तर सहा लिही, फ्रंट ऑफिसवाली तिथे बसेल. काही परीक्षक इंडेंट भरणाऱ्या हाउसकीपरला सुरुवात करणारी धरतील, म्हणून 'तक्रार फ्रंट ऑफिसने मांडली, इंडेंट हाउसकीपिंगने भरलं' एवढं वाक्य सरळ लिहून टाक. आणि दहा गुणांना दोन पानं पुरतात, लॉण्ड्रीचा सगळा हिशेब उतरवत बसू नकोस, २८ हजार आणि लाख हे दोन आकडे बास.